चतुर्थ-षष्ठ अन्योन्य योग (तूळ लग्न, जन्म 1997): घर होणार की नुसतं कर्ज?

परसदार

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मुलाचा जन्म रत्नागिरीचा, 1997 ची नारळी पौर्णिमा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकरा. वेळ पक्की आहे, कारण सासूबाई घड्याळ हातात धरूनच बसल्या होत्या. लग्न तूळ, चंद्र कुंभेत, नक्षत्र शततारका. गुरू चौथ्यात मकरेचा, शनी सहाव्यात मीनेचा.

आता तो ठाण्याकडे फ्लॅट बघतोय. बँकेने कर्ज तत्त्वतः मंजूर केलंय, टोकन द्यायचं बाकी आहे. सहज म्हणून ओळखीच्या एका गुरुजींना पत्रिका दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चौथ्या आणि सहाव्या घरावर पेन्सिलीने उलटसुलट बाण काढले आणि म्हणाले, "सुखेश आणि षष्ठेशाचं परिवर्तन. दैन्य योग. घर घेईल तर आयुष्यभर हप्ते आणि कोर्टाच्या पायऱ्या." एवढं बोलून चहा प्यायले आणि गेले. त्या बाणांचा कागद अजून फ्रीजवर लावलेला आहे. मुलगा हसतो, पण मला झोप नाही.

दोन ग्रहांनी एकमेकांची घरं घेतली तर नक्की काय होतं? आणि दैन्य म्हणजे दैन्यच का?

सोनचाफा_नाशिक

ताई, काळजी करू नका. शनीचं राशिपरिवर्तन 29 मार्च 2025 लाच झालं, तो कुंभेतून मीनेत गेला. कुंभ राशीला साडेसातीचा शेवटचा टप्पा चालू आहे, जून 2027 मध्ये संपेल. तोपर्यंत घर घेऊ नका. शनिवारी तेल वाहा.

पंचांगवाले

सोनचाफा, तुम्ही म्हणताय ते गोचर, म्हणजे आज आकाशात शनी कुठे आहे ते. ताई जन्मपत्रिकेतल्या योगाबद्दल विचारतायत. 'परिवर्तन' हा शब्द दोन्हीकडे वापरतात म्हणून हा गोंधळ नेहमी होतो. आमचे आजोबा जन्मपत्रिकेतल्या योगाला 'अन्योन्य'च म्हणायचे, मलाही तोच शब्द बरा वाटतो.

ताई, पत्रिका मांडून बघितली, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. दोघेही ग्रह वक्री आहेत. गुरू मकरेच्या 22 अंशांच्या आसपास आणि शनी मीनेच्या 26 च्या आसपास. चलितातही स्थान बदलत नाही, तेव्हा चौथं आणि सहावं हे पक्कं धरा. दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी फरक पडणार नाही.

आता अन्योन्य योग म्हणजे काय ते गावाकडच्या भाषेत सांगतो. तुमच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे आणि शेजाऱ्याची तुमच्याकडे. दोघांपैकी कोणालाही स्वतःच्या घरात दुसऱ्याला विचारल्याशिवाय शिरता येत नाही. मकर शनीची, तिथे गुरू बसलाय. मीन गुरूची, तिथे शनी. त्यामुळे या मुलाच्या आयुष्यात घर, जमीन, वाहन, आई, शिक्षण यांतली गोष्ट निघाली की नोकरी, कर्ज, वाद, आजार यांतलं काहीतरी सोबत येतं. उलटही खरं, म्हणजे नोकरी किंवा वादाच्या वाटेने घर येतं. योग एवढंच सांगतो. ते सुखाचं की दुःखाचं हे ग्रहांचं बळ आणि दशा बघून ठरवायचं, गुरुजींनी तो भाग गाळला.

या दोघांची एकमेकांवर दृष्टीही नाही. चौथ्यातला गुरू आठव्या, दहाव्या आणि बाराव्या स्थानाकडे बघतो. सहाव्यातला शनी आठव्या, बाराव्या आणि तिसऱ्याकडे. म्हणजे घर आणि कर्ज यांना जोडणारा धागा या पत्रिकेत हा एकच आहे, तरी जुने लोक सगळ्या ग्रहसंबंधांत यालाच वरचं स्थान देतात.

दैन्याबद्दल रात्री लिहितो, दुकान उघडायचंय.

विंगेतला

पंचांगवाले काका, ताईंना उगाच गुंतवताय. अन्योन्य झालं की दोन्ही ग्रह स्वगृहीच समजायचे असतात! गुरू मीनेत आणि शनी मकरेत बसलाय असं धरा आणि पत्रिका वाचा. गुरू मकरेत नीच असतो, तो प्रश्नच मिटला. शिवाय 1997 ला जन्मलेल्या सगळ्यांनाच हा योग आहे, माझ्या मेहुण्यालाही आहे. त्याचं उत्तम चाललंय. म्हणजे योग शुभच.

टिंबटिंब

मेव्हण्याचं उत्तम चाललंय हा पुरावा आवडला.

पंचांगवाले

विंगेतला, तुमचं अर्धं बरोबर आहे. अर्धं मात्र चुकीचं, आणि ते ताईंना महागात पडेल.

बरोबर काय? 1997 वर्षभर गुरू मकरेत आणि शनी मीनेत होता. गुरू 1996 च्या डिसेंबरअखेर मकरेत आला, जानेवारी 1998 मध्ये कुंभेत गेला. कुंभही शनीचीच, म्हणून एप्रिल 1998 मध्ये शनी मीन सोडेपर्यंत अन्योन्य चालूच होता. फक्त तूळ लग्नाला चौथ्याऐवजी पाचवं घर गुंतलं. तेव्हा त्या वर्षीचं अख्खं पीक या योगाचं. पण म्हणूनच ग्रहांच्या नावावरून काहीच कळत नाही, लग्नावरून कळतं. तुमच्या मेहुण्याचं लग्न कर्क असेल तर सातवं-नववं जोडलं जाईल, बायको आणि भाग्य. मिथुन असेल तर आठवं-दहावं. तोच गुरू आणि तोच शनी, पण प्रत्येकाच्या घरी वेगळी दोन दारं उघडतात.

चूक काय? ग्रह उचलून मूळ घरी नेऊन बसवायचे नाहीत. गुरू मीनेत धरलात तर त्याची दृष्टी दहाव्या, बाराव्या आणि दुसऱ्यावर जाईल. खरा गुरू मकरेत आहे आणि आठव्याकडे बघतो, दुसऱ्याकडे नाही. अशी मांडामांड केली की सगळी पत्रिका दुसऱ्याच माणसाची होते. अन्योन्याने बळ मिळतं, जागा बदलत नाही.

नीचत्वाचं म्हणाल, तर नुसत्या अन्योन्याने ते जातं की नाही यावर मतभेद आहेत. मला इथे दोन वेगळे आधार दिसतात. मकरेत उच्च होणारा मंगळ लग्नातच आहे, म्हणजे केंद्रात, आणि एका नियमाने तेवढ्यावर नीचभंग होतो. दुसरं म्हणजे नवमांशात गुरू कर्केत, उच्चीचा. हा गुरू कागदावर वाटतो तितका लंगडा नाही.

परसदार

मंगळ लग्नात म्हणजे याला मंगळ आहे का हो?? ते कोणी बोललंच नव्हतं!

पंचांगवाले

ताई, एका वेळी एकच भीती. मंगळासाठी नवा धागा काढा.

दैन्य. फलदीपिकेच्या सहाव्या अध्यायात मंत्रेश्वराने बारा भावेशांच्या जोड्या लावून 66 परिवर्तनं मोजली आणि त्यांचे तीन ढीग केले. सहाव्या, आठव्या किंवा बाराव्याचा स्वामी गुंतला की दैन्य, अशा 30. उरलेल्यांत तिसऱ्याचा स्वामी गुंतला तर खल, अशा 8. राहिलेल्या 28 जोड्या महायोग. तुमच्या मुलाची जोडी सहाव्यामुळे दैन्यात पडते, गुरुजींचं तेवढं बरोबर.

पण त्या वर्गवारीत ग्रह कोण, लग्न कुठलं, काहीच बघितलेलं नाही, नुसतं घर बघितलंय. तूळ लग्नाला शनी चौथ्याचा आणि पाचव्याचा मालक, म्हणजे केंद्र आणि त्रिकोण दोन्ही त्याच्याकडे. या लग्नाला त्याच्याइतका कामाचा ग्रह नाही. असा ग्रह सहाव्यात बसला तर मी त्याला बुडाला म्हणत नाही. पापग्रह सहाव्यात लढायला बरा असतो. नोकरीत टिकेल, फेडेल, भांडणात मागे हटणार नाही. घर मात्र अलगद हातात पडणार नाही, त्याच्यासाठी काहीतरी निस्तरावं लागेल.

खरी अडचण मला गुरूची वाटते. तो तिसऱ्याचा आणि सहाव्याचा मालक, तूळ लग्नाचा मित्र नव्हे, आणि तोच सुखस्थानात ठाण मांडून बसलाय.

चोखंदळ

छोटी दुरुस्ती. 66 हा पुस्तकी हिशोब. प्रत्यक्षात कुठल्याही एका लग्नाला 61 पेक्षा जास्त शक्य नसतात, कारण पाच ग्रहांकडे दोन-दोन घरं आहेत आणि कोणी स्वतःशीच अदलाबदल करत नाही. तूळ लग्नाला तिसरं-सहावं अन्योन्य कधी होणारच नाही, दोन्ही गुरूचीच.

मला पटत नाही ते वेगळंच. शनी पाचव्याचाही मालक आहे ना? मग सहाव्यात बसून तो पाचव्याचं नुकसान करणार नाही का? तुम्ही फक्त चौथ्याबद्दल बोलताय.

पंचांगवाले

61 बरोबर.

पाचव्याबद्दल माझं मत असं, की गुरू ज्या घरात बसला ते मकरेचं, म्हणून अदलाबदल चौथ्या-सहाव्याची. पाचवं त्या व्यवहारात नाही, ते नुसतं मालकामागे फरफटतं. आमचे आजोबा मात्र दोन्ही घरं धरायचे. त्यांचं का चुकलं हे मला सिद्ध करता येणार नाही.

बंड्या_मास्तर

माझ्या पत्रिकेत रवी-बुधाचं परिवर्तन आहे. रवी मिथुनेत आणि बुध सिंहेत. तिसरं-पाचवं. म्हणजे खल का? मी चाळीस वर्षं शिकवतोय, लेखन करतो, खलपणा काही जाणवला नाही.

पंचांगवाले

मास्तर, हा योग होऊच शकत नाही. बुध सूर्यापासून 28 अंशांच्या पलीकडे जात नाही. मिथुन आणि सिंह यांच्यामध्ये अख्खी कर्क पडते, 30 अंशांची. रवी मिथुनेच्या शेवटच्या अंशात आणि बुध सिंहेच्या पहिल्यात धरला तरी जमत नाही. रवी-बुधाचं अन्योन्य एकाच प्रकारे घडतं, रवी कन्येत आणि बुध सिंहेत. पत्रिका हाताने लिहिलेली आहे का?

बंड्या_मास्तर

हो, वडिलांनी करून घेतलेली. पिवळी पडली आहे, घडीवर फाटली आहे.

पंचांगवाले

मग सिंहेतलं अक्षर भिंगाने बघा. 'बु' आहे की 'गु'?

बंड्या_मास्तर

नातीकडून मोबाईलवर फोटो मोठा करून घेतला. गु आहे. गाठीच्या आतली आडवी रेघ म्हणून जी मी बघत होतो ती शाईची नसून घडीची आहे. आणि मिथुनेत 'र' च्या शेजारी बारीक 'बु' आहे, ते मी आजवर 'र' ची शेपटी समजत होतो.

म्हणजे मला परिवर्तन नाही. गेली तीस वर्षं लोकांना सांगत होतो.

टिंबटिंब

मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पण यातून दिसतं तेच मला म्हणायचंय. तीस वर्षं नसलेला योग तुम्हाला तंतोतंत लागू पडत होता!

2008 साली जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येकाला 40 पाठवल्या आणि वेगळ्या करायला सांगितल्या. 27 जणांची उत्तरं आली, सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर 50 आले असते. परसदारताई, फ्लॅटची कागदपत्रं बघा, पत्रिका राहू द्या.

विंगेतला

झालं, आले विज्ञानवादी.

पंचांगवाले

येऊ देत की, मला राग नाही. त्या चाचणीत मी असतो तर मलाही जमलं नसतं. मी पत्रिकेवरून अमुक घडेल असं सांगत नाही, आधी मागचं विचारतो.

ताई, शततारका म्हणजे जन्म राहूच्या दशेत. साधारण 2006 ते 2022 गुरूची दशा झाली आणि 2022 च्या सुमारास शनीची लागली. अन्योन्यातल्या दोन ग्रहांच्या लागोपाठ 35 वर्षं. योग दिसायचा तर याच काळात दिसणार, राहूच्या दशेत फारसा नाही. तेव्हा आधी गुरूची सोळा वर्षं सांगा. घराबाबत काय घडलं, आणि त्याला कर्ज, वाद, आजार, नोकरी यांपैकी काय चिकटून आलं? तुमची तब्येत कशी होती? मुलगा काय काम करतो?

परसदार

आठवतं तसं सांगते.

2009 ला रत्नागिरीचं घर सोडलं. भाऊबंदकी. दिरांनी वाटणीचा दावा लावला, तो अजून चालू आहे. आम्ही भाड्याने राहायला आलो. याचं कॉलेज शैक्षणिक कर्जावर झालं, ते मागच्या वर्षी त्यानेच फेडलं. एवढं तुमच्या म्हणण्यासारखं आहे.

पण माझी तब्येत ठणठणीत होती आणि आहे, साधी रक्ताची तपासणी पण वर्षानुवर्षं केलेली नाही. आणि 2016 ला याच्या बाबांनी गाडी घेतली, रोखीने. त्यात वाद नाही, कर्ज नाही, काही नाही.

मुलगा एका वकिलांकडे टायटल सर्चचं काम करतो. तीस वर्षांचे सातबारे, फेरफार, इंडेक्स टू काढायचे, जमिनीवर कोणाचा हक्क, बोजा, दावा आहे का ते शोधायचं आणि अहवाल लिहायचा. दिवसभर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणि तलाठ्याकडे खेपा.

पंचांगवाले

आईची तब्येत आणि गाडी, दोन्ही माझ्या हिशोबात बसत नाहीत. चौथ्या-सहाव्याचं अन्योन्य आणि गुरूची सोळा वर्षं म्हटल्यावर आईचं आजारपण मी नक्की धरलं असतं. चुकलो असतो.

काम मात्र वाचून मी जरा मागे टेकून बसलो. लोकांच्या घरांवरचे बोजे आणि वाद शोधण्याची नोकरी!

टिंबटिंब

काका, 1997 मध्ये रोज साधारण दोन तास तूळ लग्न होतं. त्या वर्षीच्या दर बारा मुलांमागे एक. ती सगळी तलाठ्याच्या दारात उभी आहेत का?

पंचांगवाले

नाहीत. कोणी दवाखान्याच्या इमारती बांधत असेल, कोणी घरी बसून नोकरी करत असेल, कोणी खरोखरच घरासाठी कोर्टात खेटे घालत असेल. यातलं कुठलं निघेल हे नुसत्या योगावरून मला आधी सांगता आलं नसतं, तुम्ही ते बरोबर पकडलंत. नंतर जुळवणं सोपं असतं हे मलाही कळतं.

तरी गुरुजींच्या "आयुष्यभर कोर्ट" या वाक्याला पत्रिकेत आधार नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन. हा योग घर आणि सहाव्याचे विषय बांधतो. सहाव्यात कोर्ट आहे तशी नोकरीही आहे, कर्ज आहे तशी कर्जाची फेडही आहे. एकच बाजू सांगून चहा पिऊन जाणं बरं नव्हे.

अनुराधा_के

कृष्णमूर्ती पद्धतीने बघणाऱ्यांच्या वतीने: आम्ही राशींच्या अदलाबदलीला एवढं महत्त्व देत नाही. नक्षत्रस्वामी बघा. गुरू श्रवणात, म्हणजे चंद्राच्या नक्षत्रात. शनी रेवतीत, म्हणजे बुधाच्या. दोघे एकमेकांच्या नक्षत्रात असते तर मी दोन घरं बांधली गेली म्हटलं असतं. तशी ती नाहीत. शनीची दशा आमच्या मते बुधाचे विषय देणार, आणि बुध लाभात बसलाय.

चोखंदळ

म्हणजे एका पद्धतीने धागा आहे, दुसऱ्या पद्धतीने नाही. ताईंनी काय समजायचं?

अनुराधा_के

ज्या पद्धतीने प्रश्न विचारलाय त्या पद्धतीने समजायचं. मी फक्त नोंद केली.

परसदार

सगळ्यांचे आभार. वाचून निम्मं कळलं, निम्मं मुलाला वाचून दाखवलं. त्याने "दोन किल्ल्या" वर मान हलवली आणि "दैन्य" वर पुन्हा हसला.

टोकन अजून दिलेलं नाही. त्याने त्या बिल्डिंगच्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार स्वतः काढले. इतर अधिकारात बिल्डरने घेतलेल्या कर्जाचा बोजा दिसतोय. बिल्डरचा माणूस म्हणतो कर्ज फेडलंय. मुलगा म्हणतो, मग बँकेचं पत्र दाखवा आणि बोजा कमी केल्याचा फेरफार होऊ दे, तोपर्यंत सही नाही. मी म्हटलं चांगला फ्लॅट हातचा जाईल, तर म्हणतो जाऊ दे.

पंचांगवाले काका, आता शनीत बुधाची अंतर्दशा आहे ना? ती किती दिवस?

पंचांगवाले

साधारण 2028 च्या सुरुवातीपर्यंत. जन्मवेळेचा चंद्र अर्ध्या अंशाने इकडेतिकडे असेल तर सात-आठ महिन्यांचा फरक पडतो, तेव्हा तारखेला चिकटून बसू नका. फेरफार आला का ते कळवा.

टिंबटिंब

बोजा शोधला तो मुलाने, श्रेय मात्र शनीला जाणार. असो. ताई, फ्रीजवरचा तो कागद काढा आता.

परसदार

काढला होता. मागे दुधाचा हिशोब होता म्हणून परत लावला.

बंड्या_मास्तर

सिंहेत गुरू असला तर काय फळ असतं? नवा धागा काढू का?